लग्नात मुलीला आजीच्या सोन्याच्या बांगड्या देताना वडिलांनी काय आणि कसं बोलावं

हा लेख त्या वडिलांसाठी आहे, ज्यांना आपल्या दिवंगत आईच्या बांगड्या लेकीच्या लग्नात चार माणसांसमोर तिच्या हातात घालायच्या आहेत आणि त्याआधी दोन शब्द बोलायचे आहेत. बहुतेक जण आधी भाषण लिहायला बसतात आणि बांगड्यांचा डबा थेट लग्नाच्या दिवशी उघडतात. मग भाषण कुठल्याही आजीबद्दल चालेल असं होतं, आणि बांगडी लेकीच्या हातात जातच नाही. क्रम उलटा ठेवा. आधी बांगड्या नीट बघा. बोलायचं काय ते बऱ्याचदा त्यांच्यावरच सापडतं.

जवळ काय काय हवं

- बांगड्या, आणि त्या निदान दोन महिने आधी हाताशी
- शिवणकामाची मापाची पट्टी, किंवा दोरा आणि फूटपट्टी
- बांगड्यांचं वजन आणि कॅरेट लिहिलेला कागद, शिवाय दुरुस्तीआधीचे फोटो
- भाषणाची दोन जाड कार्डं, एक तुमच्याकडे आणि एक विश्वासातल्या माणसाकडे
- उभा माइक, किंवा माइक धरायला एक माणूस
- उघडायला सोपी अशी डबी आणि मऊ कापड

१. बांगड्या उजेडात घेऊन बसा

खिडकीजवळ बसा आणि एकेक बांगडी हातात घेऊन सावकाश फिरवा. वापरलेल्या सोन्यावर खुणा असतातच. शुद्ध सोनं मऊ असतं, म्हणून दागिन्यासाठी त्यात तांबं, चांदी असे धातू मिसळतात. २२ कॅरेटच्या बांगडीत सोनं ९१.६ टक्के असतं. इतकं सोनं असलेला दागिना रोज हातात राहिला की झिजतो. शेजारच्या बांगडीशी घासून कडा पातळ होतात, नक्षीचे उंचवटे आधी सपाट होतात, पोकळ बांगडीला पोचा पडतो, कुठे जुना जोड दिसतो.

यातली कुठली खूण कशामुळे झाली असेल, हे स्वतःला विचारा, आणि आजीला जवळून पाहिलेल्या माणसांनाही विचारा. ती कुठल्या हातात किती बांगड्या घालायची? कुठली आधी, कुठली नंतर? कोणतं काम करताना काढून ठेवायची आणि कोणतं करताना नाही? उत्तरं लिहून ठेवा, दोनतीन ओळी पुरतात. प्रत्येक बांगडीचे बाहेरून, आतून आणि कडेने असे तीन फोटो काढा, आणि आतल्या बाजूला काही छाप असेल तर त्याचा जवळून एक.

पुढे सोपं जावं म्हणून एक उदाहरण शेवटपर्यंत घेऊ. आजी कपडे शिवायची. बांगड्या दोन, दोन्ही डाव्या हातातल्या, दोन्हींवर बारीक फुलांची नक्षी. एकीवरची फुलं शाबूत आहेत. दुसरीची एक कड मात्र गुळगुळीत झाली आहे, तिथे नक्षी बोटाला लागतच नाही. विचारल्यावर कळतं, की ही दुसरी पंजाकडची. कापड सरकवताना ती मशीनच्या पत्र्यावर घासायची.

२. माप करून घ्या, पण उजाळा देऊ नका

आजीच्या मापाची बांगडी नातीच्या हातात जाईलच असं नाही. अडचण मनगटाची नसते, पंजाची असते. लेकीला अंगठा तळहातात दुमडायला सांगा, बोटांच्या मुळाशी जिथे पंजा सगळ्यात रुंद होतो तिथे पट्टी गुंडाळा आणि घेर मोजा. त्या घेराला ३.१४ ने भागलं की बांगडीचा आतला व्यास मिळतो. आपल्या उदाहरणात घेर १९.५ सेंटिमीटर आला, म्हणजे व्यास साधारण ६.२ सेंटिमीटर हवा. जुन्या बांगडीचा आतला व्यास ५.८ आहे. फरक ४ मिलिमीटरचा दिसतो, पण घेरात तो सव्वा सेंटिमीटर होतो. पंजा थोडा दबतो, म्हणून एखाद मिलिमीटर कमी असलं तरी जोर लावून बांगडी जाते. चार मिलिमीटर जात नाहीत. मोजणी शक्यतो संध्याकाळी करा, कारण दिवसाअखेर आणि उकाड्यात हात किंचित सुजलेले असतात. लग्नाच्या दिवशीही तेच होणार आहे.

एवढा फरक असेल तर सोनार बांगडी कापून मध्ये सोन्याचा तुकडा जोडतो, किंवा बिजागरी आणि पेच लावून ती उघडणारी करतो. नुसती ताणून वाढवण्याने अगदी थोडाच फरक भरून निघतो आणि बांगडी आणखी पातळ होते. तुकडा त्याच कॅरेटचा हवा, नाही तर जोडाच्या जागी रंग वेगळा दिसतो. टाकण्याआधी वजन करून लिहून घ्या, परत आल्यावर पुन्हा करा. जेवढ्याचा तुकडा टाकला, वजन जवळपास तेवढंच वाढलेलं दिसायला हवं.

इथे हमखास एक चूक होते. दुरुस्तीला दिलेला दागिना सोनार सवयीने पॉलिश करून देतो, आणि पॉलिश म्हणजे वरचा अगदी पातळ थर घासून काढणं. झिजलेली कड आणखी झिजते, शाबूत नक्षीही बोथट होते, आणि ज्या खुणेवर तुम्ही बोलणार होतात तीच नाहीशी होते. म्हणून देतानाच स्पष्ट सांगा: "जोडाची जागा तेवढी साफ करा, बाकी बांगडीला हात लावू नका, ही कड अशीच राहू द्या." पावतीवरही लिहून घ्या, कारण ज्याला तुम्ही सांगता तोच माणूस काम करतो असं नाही.

मळ काढायला घरचा उपाय पुरतो. कोमट पाण्यात साध्या साबणाचे एकदोन थेंब, मऊ ब्रश, मग स्वच्छ पाणी आणि मऊ कापड. टूथपेस्ट नको, तिच्यातले कण सोनं खरवडतात. ब्लीच तर अजिबात नको. बांगडी पोकळ असून आत लाख भरलेली असेल, तर गरम पाणीही नको आणि भिजत ठेवणंही नको.

३. घरातलं बोलणं आधी संपवा

आजीला इतर मुलं, सुना, नातवंडं असतील, तर या बांगड्या कुणाला द्यायच्या हे त्यांच्याशी लग्नाच्या बरंच आधी बोलून घ्या. भाषणातून ही गोष्ट पहिल्यांदा कळलेली आत्या समारंभात काही बोलणार नाही, पण तिचा चेहरा लेकीला दिसेल. आजीने मृत्युपत्र केलं असेल तर त्यात बांगड्यांचा उल्लेख आहे का ते बघा. उल्लेख नसेल आणि वाटणी झालेली नसेल, तर बाकीच्यांची संमती एका साध्या कागदावर घेऊन ठेवा.

दुसरा प्रश्न, लेकीला आधी सांगायचं की अचानक द्यायच्या? माझं मत सरळ आहे: सांगा. मापासाठी तिचा हात लागतोच. शिवाय त्या दिवशी तिच्या हातात दुसरं काय असेल, बाही किती घट्ट असेल, हे तिलाच ठाऊक असतं. डावं मनगट मोकळं ठेवायचं आहे हे तिला आधी कळायला हवं. तुम्ही काय बोलणार आहात ते मात्र सांगू नका.

४. एकच गोष्ट निवडा

भाषण अडीच-तीन मिनिटांचं असावं. चारचौघांत सावकाश बोलताना मराठीत मिनिटाला साधारण शंभर शब्द होतात. बांगड्या घालायला अर्धं मिनिट आणि थांबण्यांना अर्धं मिनिट धरलं, तर बोलायला दीडशे ते दोनशे शब्द उरतात. एवढ्या जागेत आजीचं आयुष्य मावत नाही. तिची एक सवय मावते.

"आजी म्हणजे मायेचा सागर, तिने आयुष्यभर कष्ट केले, आज ती असती तर किती आनंदली असती" ही तीन वाक्यं जवळजवळ प्रत्येकाच्या पहिल्या मसुद्यात येतात. ती खोटी नसतात. पण ती ऐकताना कुणाच्याच डोळ्यांपुढे ती बाई उभी राहत नाही, आणि बांगड्यांशी त्यांचा काही संबंधही नसतो. ओळ ठेवायची की काढायची हे ठरवायला एक सोपी तपासणी आहे. त्या ओळीत 'बांगड्या' काढून 'घड्याळ' घालून बघा. ओळ तशीच चालली, तर ती काढा.

५. लिहा: एक नमुना

आपल्या उदाहरणातल्या वडिलांचं भाषण असं होऊ शकतं. ते उतरवून घेण्यासाठी दिलेलं नाही, रचना कळावी म्हणून दिलं आहे.

> या दोन बांगड्या माझ्या आईच्या.
>
> आई कपडे शिवायची. मशीनवर बसली, की डाव्या हातातल्या बांगड्या आधी कोपराकडे सरकवायची आणि मग टीप घालायला घ्यायची. वीतभर कापड पुढे गेलं, की खालची बांगडी घसरून परत मनगटाशी यायची आणि मशीनच्या पत्र्यावर घासत राहायची. आई ती पुन्हा वर करायची. दिवसभर हेच चालायचं.
>
> त्यामुळे या दोघी आता सारख्या राहिल्या नाहीत. ही वरची. हिच्यावरची फुलं अजून मोजता येतात. आणि ही खालची. हिची एक कड पार गुळगुळीत झाली आहे. अंगठा फिरवलास तर कळेल. माझा शाळेचा गणवेश या कडेखालून गेला आहे. तुझं पहिलं झबलंसुद्धा.
>
> बांगड्या तुझ्या मापाच्या करून घेतल्या. ही कड मात्र होती तशी ठेवायला सांगितली.
>
> या आता तुझ्या आहेत, बाळा. रोज घाल, कधीतरी घाल, तुला वाटेल तसं.
>
> डावा हात दे. फुलांची आधी. आणि ही नंतर, म्हणजे ती खाली येईल. आईच्या हातात होती तशी.

पहिलं वाक्य पाच शब्दांचं आहे, आणि ते मुद्दाम. आवाज अजून स्थिर झालेला नसतो, श्वास पुरत नसतो, आणि मागच्या रांगेलाही नेमकं काय चाललं आहे ते लगेच कळायला हवं. त्यानंतर पाहुण्यांचं स्वागत, आभार असलं काही आणू नका. ते करायचं असेल तर दुसऱ्या कुणी आधी करावं.

मधला भाग सवयीचा आहे, आणि त्यात भावना सांगणारा एकही शब्द नाही. 'कष्ट' हा शब्दसुद्धा नाही. बांगडी वर करणं आणि ती पुन्हा खाली येणं एवढंच आहे. ज्याने कुणाला मशीनवर बसलेलं पाहिलं आहे, त्याला तो हात दिसतो. लेकीचा उल्लेख आजीच्या गोष्टीतच आला पाहिजे, इथे तो झबल्याच्या रूपाने आला आहे. ती जन्मण्याआधीच आजी गेली असेल, तर असा उल्लेख ओढूनताणून आणू नका. "तू आईला पाहिलं नाहीस, म्हणून तिच्या हाताबद्दल सांगतो," एवढं म्हणून सवयीकडे वळा.

शेवटच्या ओळी हाताबरोबर बोलायच्या आहेत. भाषण संपवून मग बांगड्या घालायला गेलात, तर मध्ये एक पोकळी राहते, टाळ्या चुकीच्या जागी पडतात आणि घालण्याचा क्षण गोंगाटात जातो. शेवटचा शब्द आणि दुसरी बांगडी एकाच वेळी संपली पाहिजेत.

६. अटी काढून टाका

मसुदा झाला की त्यात "जपून ठेव", "कधी विकू नकोस", "पुढे तुझ्या मुलीला दे", "घराण्याचं नाव राख" यांपैकी काही आलं आहे का ते शोधा. लिहिताना ही वाक्यं प्रेमाचीच वाटतात. पण शेकडो लोकांसमोर सांगितलेली अट लेकीला नाकारता येत नाही. उद्या तिला मुलगी झाली नाही, बांगड्या मोडून दुसरं काही करावंसं वाटलं, किंवा अडचणीत विकाव्या लागल्या, तर तिला तुमचं भाषण आठवेल. देणं पूर्ण असू द्या.

'तुला' आणि 'तुम्हा दोघांना' यातही फरक आहे. बांगड्या लेकीला द्यायच्या असतील तर "या तुझ्या आहेत" असंच म्हणा. जावयाबद्दल आणि त्याच्या घराबद्दल गोड बोलायला दुसरी जागा आहे. वजनाच्या कागदावरही तारीख घालून, तिचं नाव लिहून, सही करून तो तिच्याकडे द्या. बांगड्या कुणाच्या हा प्रश्न पुढे कधी आलाच, तर तो कागद कामाला येतो. आणि भाषणात वजन, किंमत, आजीने त्या किती पैशांत घेतल्या, यातलं काहीही नको. आकडा ऐकला की ऐकणारे हिशेब करू लागतात.

७. कार्ड, माइक आणि दोन हात

फोनवरून वाचू नका. स्क्रीन विझते, आणि थरथरत्या बोटाने ती सरकते. तळहाताएवढ्या जाड कार्डावर मोठ्या अक्षरात लिहा. जिथे श्वास घ्यायचा तिथे ओळ तोडा, म्हणजे नजर उचलून परत आणली तरी जागा सापडते. पातळ कागद हातात थरथरतो, आणि ते दिसतं. कार्ड तेवढं हलत नाही.

आता हातांचा हिशेब करा. एका हातात माइक, दुसऱ्यात कार्ड, मग डबी कोण उघडणार? बांगडी घालायला तर दोन्ही हात लागतात. म्हणून माइक उभा असावा, किंवा "डावा हात दे" या ओळीआधी कुणीतरी तो तुमच्या तोंडाशी धरावा. शेवटच्या चार ओळी पाठच करा, कारण तोवर कार्ड खिशात गेलेलं असतं.

डबीत बांगड्या ज्या क्रमाने घालायच्या त्याच क्रमाने ठेवा. आधी जाते ती कोपराकडे राहते आणि नंतरची पंजाकडे येते. आपल्या उदाहरणात फुलांची आधी, गुळगुळीत नंतर. झगझगीत दिव्यांत दोन्ही सारख्याच दिसतात, तेव्हा डोळ्यांवर विसंबू नका, कडेवरून अंगठा फिरवा आणि ओळखा. उलट्या घातल्या गेल्या तर शेवटचं वाक्य खोटं ठरतं.

निदान पाच वेळा मोठ्याने, उभं राहून, हातात डबी घेऊन सराव करा. मनातल्या मनात वाचलेलं भाषण नेहमी दोन मिनिटांत संपतं. तेच मोठ्याने साडेतीन मिनिटं घेतं. आदल्या दिवशी एकदा लेकीच्या हातात बांगडी खरंच घालून बघा. अडत असेल तर हाताला किंचित क्रीम लावल्याने किंवा पंजावर पातळ प्लास्टिकची पिशवी चढवल्याने ती सरकते. पिशवी व्यासपीठावर शोभणार नाही, म्हणून क्रीम चालतं का ते आधीच पाहून ठेवा.

८. आवाज दाटला तर

दाटेल. सरावात कुठे दाटतो ते लक्षात ठेवा. बहुतेक वेळा समारंभातही जागा तीच असते. आपल्या नमुन्यात ती "तुझं पहिलं झबलंसुद्धा" इथे येण्याची शक्यता जास्त. त्या जागेनंतर हाताला काहीतरी काम लावून द्या. इथे ती बांगडी उचलून लेकीच्या अंगठ्याखाली धरायची आहे. ती कड चाचपून बघते तोवर तुम्हाला आठ-दहा सेकंद मिळतात, आणि पाहणाऱ्यांना तुम्ही अडलात असं वाटतही नाही.

घशात आवंढा आला की जोराने श्वास आत ओढू नका, त्याने हुंदका वर येतो. आधी श्वास पूर्ण सोडा, मग हळू घ्या. "माफ करा" म्हणू नका. नजर लेकीच्या चेहऱ्यावर न ठेवता बांगडीवर ठेवा. तरीही शब्द फुटलेच नाहीत, तर दुसरं कार्ड असलेल्या माणसाकडे मान हलवा. मधला भाग तो वाचेल. शेवटच्या ओळी मात्र तुमच्याच राहू द्या, अगदी हळू म्हटल्या तरी चालतात. ज्या हाताशी त्या बोलायच्या आहेत, तो तुमच्या हातात असतो.

९. घातल्यानंतर

रिकामी डबी आणि वजनाचा कागद लगेच एका ठरलेल्या माणसाच्या ताब्यात द्या. व्यासपीठावर ठेवलेली डबी फुलांबरोबर उचलली जाते. पेचाची बांगडी असेल तर पेच पूर्ण फिरला आहे का ते तुम्हीच बघा, तिच्या एका हाताने ते होत नाही. तिला बांगड्या समारंभ संपेपर्यंत घालून ठेवायच्या असतील तर ठेवू द्या. काढायच्या असतील तर कुणाजवळ द्यायच्या, हे तिला आधीच सांगून ठेवलेलं असावं. दुरुस्तीआधी काढलेले फोटोही तिला त्याच आठवड्यात पाठवा. जोडाच्या आधी त्या कशा होत्या, हे त्यांतच राहिलेलं असतं.